जागा अजून रिकामी आहे का?

गणपतीपुळ्याच्या अलीकडे, भंडारपुळ्याच्या चढावर जे रिसॉर्ट आहे, तिथे गुरुप्रसाद मयेकर मॅनेजर होता. मॅनेजर हा शब्द पाटीवर होता. प्रत्यक्षात तो तिथला सगळाच होता. पंप बंद पडला तर आधी तो वाकून बघायचा आणि मग इलेक्ट्रिशियनला फोन जायचा. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या कुटुंबातला लहान मुलगा काही खात नसेल, तर आचाऱ्याला सांगून त्याच्यासाठी मऊ भात आणि वरचं तूप तोच पाठवायचा. दर वर्षी येणाऱ्या लोकांची नावं त्याला पाठ होती, कुणाला गुडघ्यामुळे तळमजला लागतो आणि कुणाच्या आईला कांदा-लसूण चालत नाही, हेही. लोक रिसॉर्टला फोन करत नसत, गुरुप्रसादला करत. "मयेकर, दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार धरा हां आमचा," एवढंच. खोली मिळायची.

मूळ माणूस मालगुंडचा. बापाची देवळाच्या रस्त्याला खानावळ होती, तिथे ताटं उचलता उचलता मोठा झाला. मग रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या लॉजवर, मग मुंबईत दोन-तीन हॉटेलांत, आणि शेवटी परत इकडे. परत आणलं ते अनिल पाथऱ्यांनी. पाथरे ठाण्याचे कंत्राटदार, दर्शनाला आले आणि ह्या कातळाच्या प्रेमात पडले. आजूबाजूचे सगळे सांगत होते की इथे पाणी लागायचं नाही, जन्मभर टँकर आणावा लागेल. गुरुप्रसादने गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारून जुन्या कोंडीची, पूर्वी पाणी साचून राहायचं त्या खळग्याची, जागा काढली आणि तिथेच विहीर घ्यायला लावली. पाणी लागलं, गोड लागलं, मे महिन्यातही पुरलं. तेव्हापासून पाथरेशेठ चारचौघांत म्हणायचे, "इमारत माझी, रिसॉर्ट गुरूचं." शेठ वारले, मुलगा सुजय बघायला लागला, तरी गुरुप्रसादच्या डोक्यात ते वाक्य तसंच राहिलं. वाक्यं अशी डोक्यात ठेवायची नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुप्रसादचा थोरला भाऊ भिकाजी जहाजावर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. त्यामुळे भिकाजीचा मुलगा समर्थ तसा काकाच्याच हाताखाली वाढला. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जायचं त्याच्या डोक्यात घातलं ते काकानेच. सुट्टीत पोरगा रिसॉर्टवर यायचा, रिसेप्शनला उभा राहायचा, इंग्रजीतून बोलायचा. गुरुप्रसाद लांबून बघत राहायचा. दर्शना, त्याची बायको, हसून म्हणायची, "स्वतःचं पोर नाही ते बरं झालं, त्यालाही एवढं बघितलं नसतंत."

समर्थ आता गोव्यात एका मोठ्या हॉटेलात असिस्टंट होता. तीन वर्षं झाली, कंटाळला होता. वहिनी इकडे एकटी. एका रविवारी ती गुरुप्रसादच्या घरी आली, ओटीवर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "भावोजी, त्याला काहीतरी इकडे बघा ना. रत्नागिरीत एवढी हॉटेलं झाली. हे बोटीवर, तो गोव्यात, मी भिंतींशी बोलू?"

"बघतो ना वहिनी," गुरुप्रसाद म्हणाला. "त्याला सांगा, जाहिराती बघत राहा नि मला पाठव."

समर्थने पाठवली. नोकरीच्या साइटवरची जाहिरात, फोनवर. 'रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकिनारी असलेल्या नामांकित रिसॉर्टसाठी मॅनेजर पाहिजे.' रिसॉर्टचं नाव नव्हतं. पुण्याची एक एजन्सी होती, आणि खाली ईशा नावाच्या बाईचा नंबर. समर्थने सोबत लिहिलं होतं, 'काका, अर्ज करून बरेच दिवस झाले. उत्तर नाही. जाहिरात मात्र अजून दिसते आहे.'

गुरुप्रसादला ह्या प्रकाराचा अनुभव होता. मागे समर्थने अलिबागच्या एका जागेसाठी असाच अर्ज केला होता. एजन्सीवाला रोज गोड बोलायचा, हे पाठव, ते पाठव म्हणायचा. पुढे कळलं की तिथे माणूस केव्हाच रुजू झाला होता, जाहिरात काढायची कुणाला पडली नव्हती, आणि एजन्सीला पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून नावं गोळा करायची होती. तेव्हापासून गुरुप्रसादचं मत बनलं होतं की जाहिरात दिसते याचा अर्थ जागा आहे असा नाही, आणि जागा आहे याचा अर्थ ती भरतायत असाही नाही. दोन्ही वेगवेगळं विचारायला पाहिजे.

"मग विचारा की," दर्शना म्हणाली. "त्या पोराला फोनवर नीट विचारता येत नाही. हो का, बरं, थँक्यू, आणि ठेवतो."

सोमवारी दुपारी सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मागच्या दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. रिसेप्शनच्या मुलीला जेवायला पाठवून गुरुप्रसाद स्वतः काउंटरमागे बसला आणि त्याने तो नंबर लावला.

"नमस्कार मॅडम. तुमची रत्नागिरीची जाहिरात आहे ना, रिसॉर्ट मॅनेजरची. माझ्या पुतण्याने अर्ज केलाय. मी त्याचा काका बोलतो. एवढंच विचारायचं होतं, ती जागा अजून रिकामी आहे का?"

"हो सर, ओपन आहे," पलीकडून तरुण आवाज आला.

"ओपन म्हणजे साइटवर दिसते तशी, की खरंच भरतायत?"

ती हसली. "चांगला प्रश्न आहे. बरेच जण विचारत नाहीत. भरतायत सर. मागच्याच आठवड्यात आम्ही जाहिरात पुन्हा टाकली, क्लायंटने सांगितलं म्हणून."

"मुलाखती झाल्या का कुणाच्या?"

"दोघांच्या झाल्या. एकाला फॅमिली आणायची नव्हती, दुसऱ्याला त्यांनी नाही म्हटलं. आता त्यांना लोकल माणूस हवाय. तुमचा पुतण्या कुठला?"

"मालगुंडचा. आता गोव्यात आहे." त्याने समर्थचं नाव सांगितलं. कळफलकाचा आवाज आला.

"हां, आहे, प्रोफाइल आहे. सॉरी सर, खूप अर्ज येतात, राहून गेलं असेल. चांगलं प्रोफाइल आहे. मी आजच पुढे पाठवते."

गुरुप्रसादला बरं वाटलं. त्याच सुरात त्याने विचारलं, "रिसॉर्ट नवीन आहे की चालू? नवीन असेल तर मॅडम, पहिली दोन वर्षं मॅनेजरचा जीव काढतात. पोराला आधी सांगून ठेवीन."

"नाही नाही, चालू आहे. रिप्लेसमेंट आहे. म्हणूनच नाव दिलेलं नाही. क्लायंटने सांगितलंय की शॉर्टलिस्ट झाल्याशिवाय नाव सांगायचं नाही."

"म्हणजे आधीचा माणूस सोडून गेला?"

बहुधा हा माणूस याच धंद्यातला दिसतोय, पुतण्याचं भलं बघतोय, असं वाटून ती थोडी मोकळी झाली. "अजून आहे. त्याला सांगितलेलं नाहीये. म्हणून जरा गुप्तता, तुम्ही समजू शकता. बरीच वर्षं आहे तो. माणूस चांगला आहे म्हणतात, पण जुन्या पद्धतीचा. सगळं फोनवर, ओळखीवर. ऑनलाइन बुकिंग, रेट बदलणं, रिव्ह्यूला उत्तरं देणं, हे जमत नाही त्याला. क्लायंटला आता लग्नबिग्नं करायची आहेत तिथे. मे महिन्याची गर्दी संपली की त्याला मोकळं करणार. तोवर नवीन माणूस ठरवून ठेवायचा."

"बरोबर आहे," गुरुप्रसाद म्हणाला. बोलायला काहीतरी हवं म्हणून तो म्हणाला, "पाण्याचं काय पण? आमच्या भागात सगळं पाण्यावर असतं. टँकरवर चालणारं रिसॉर्ट असेल तर पोराचं आयुष्य टँकरवाल्याच्या मागे पळण्यात जाईल."

"तो प्रश्नच नाही सर. क्लायंट तेच अभिमानाने सांगतात. त्यांची स्वतःची विहीर आहे, कातळावर असूनसुद्धा उन्हाळ्यात आटत नाही. बावीस खोल्या आहेत, मागे कलमांची बाग आहे, शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं आहे. छान प्रॉपर्टी आहे."

काउंटरच्या मागे लाकडी फळीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या. बावीस.

"सर? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तुम्ही पुतण्याला सांगा, फोन चालू ठेव म्हणावं. या आठवड्यात बोलावतील."

"सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही बरंच सांगितलंत मॅडम. आभारी आहे." फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. रिसेप्शनची मुलगी जेवून परत आली आणि तिने विचारलं, "दादा, तुमचं जेवण झाकून ठेवलंय, आणू?" तर तो तिच्याकडे असं बघायला लागला की जणू ती कोण हे आठवायला लागत होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने दर्शनाला सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे कुठलं रिसॉर्ट?" तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. ती मासे साफ करत होती, हात तसेच धरून उठली. "सुजय? आपला सुजय? सत्यनारायणाला आपल्या घरी जेवून गेला तो?"

"तोच."

"फोन करा त्याला आत्ता."

"फोन करून काय विचारू? मला काढतोयस का? नाही म्हणाला तर त्या मुलीची नोकरी जाईल, तिने बोलू नये ते बोलली. हो म्हणाला तर माझी."

"तुमची तशीही जातेय," दर्शना म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं. नळाखाली ती बराच वेळ हात धूत राहिली.

समर्थला सांगणं भागच होतं. त्याने त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला. आडवळण न घेता सांगितलं, "बाबा, ती जागा सोड. ती माझी जागा आहे. मला न सांगता माझी जागा भरतायत."

पलीकडे हॉटेलातल्या संगीताचा बारीक आवाज येत होता.

"खरं सांगताय काका?"

"विहिरीपर्यंत सांगितलं तिने."

"शी," समर्थ म्हणाला. "असं कसं करू शकतात हे लोक."

"करतात. तू तिचा फोन आला तर सांग, मला नको. दुसरीकडे बघू आपण. मिरजोळ्याजवळ एक नवीन हॉटेल होतंय, तिथे मी बोलतो."

"हो काका," समर्थ म्हणाला. "तुम्ही त्रास करून घेऊ नका."

त्या दोन वाक्यांचा गुरुप्रसादला त्या रात्री खरोखर आधार वाटला.

शनिवारी सुजय आला. येताना दोन मित्र होते, समुद्राकडच्या खोल्या त्यांना दिल्या. गुरुप्रसादने नेहमीसारखी सुरमई आणवली होती. जेवणं झाल्यावर सुजय बागेत कलमांखाली एकटा फोनवर बोलत फिरत होता. मोहोर चांगला धरला होता. गुरुप्रसाद तिथे गेला, त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबला, आणि म्हणाला, "सुजयशेठ, एक विचारू? नोकरीच्या साइटवर एक जाहिरात बघितली. नाव नाही, पण वर्णन आपल्यासारखंच वाटलं."

सुजयच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नंतर गुरुप्रसादला हेच पुन्हा पुन्हा आठवायचं, की काही म्हणता काही हललं नाही. "अहो दादा, त्या एजन्सीवाल्यांचा धंदाच आहे तो. एकदा कुणाला तरी सहज विचारलं होतं, बाजारात कसे लोक आहेत बघायला. पुढे लग्नाचं काम सुरू केलं तर एखादा जोडीला लागेल म्हणून. त्यांनी टाकून दिली जाहिरात. जागाबिगा काही नाहीये."

"म्हणजे भरत नाही आहात?"

"तुम्ही असताना मी कशाला मॅनेजर भरू?" सुजयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा काय म्हणायचे, विसरलात का?"

आणि गुरुप्रसादने विश्वास ठेवला. पूर्ण नव्हे, पण माणूस बुडताना जेवढा ठेवतो तेवढा. घरी येऊन दर्शनाला म्हणाला, "त्या मुलीने उगाच तिखटमीठ लावलं. एजन्सीवाले असंच करतात, जागा नसली तरी आहे म्हणतात. अलिबागचं नाही का झालं?" दर्शना त्याला ओळखत होती. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की तो असा घाईघाईने बोलायचा.

पण मनात काटा राहिलाच. पुढचे काही दिवस तो साइट उघडून बघायचा. जाहिरात तिथेच होती. दिसते याचा अर्थ जागा आहे असा नाही, असं स्वतःलाच सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. मिरजोळ्याच्या त्या नव्या हॉटेलवाल्याशी त्याने समर्थसाठी बोलून ठेवलं. समर्थला कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, 'बघतो काका, इकडे जरा बिझी आहे.' फोन केला की तो कामात असायचा.

शेवटी एका दुपारी त्याने ईशाला पुन्हा फोन लावला. विचार एवढाच होता, की ती म्हणाली क्लायंटने होल्डवर टाकलंय, तर सुजय खरं बोलला. एका वाक्याचं काम.

"मॅडम, मी मागे बोललो होतो. रत्नागिरीची ती जागा. अजून भरतायत का, की थांबलं?"

"अरे सर, तुम्ही," ती ओळखून आनंदाने म्हणाली. "अहो, क्लोज झाली ना ती. तुमच्याच पुतण्याची झाली. त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"कोणाची?"

"समर्थ मयेकर. तुमचाच ना? क्लायंटला एकदम पसंत पडला. ऑनलाइन मुलाखत झाली, मग ठाण्याला जाऊन भेटून आला. मागच्या शुक्रवारी ऑफर लेटर गेलं, त्याने स्वीकारलंसुद्धा. बहुतेक सरप्राइज द्यायचं असेल तुम्हाला."

"जाहिरात अजून दिसतेय," गुरुप्रसाद म्हणाला. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

"हो, ती माणूस रुजू होईपर्यंत आम्ही ठेवतो सर. नोटीस पिरियडमध्ये बरेच जण फिरतात. ऐनवेळी नाही म्हणाला तर हाताशी दुसरे अर्ज असावेत म्हणून. साइटवर ओपन दिसतं, पण आतून झालेलं असतं. अभिनंदन हां सर. तुम्ही फोन केलात ना, म्हणून मी ते प्रोफाइल बाहेर काढलं, नाहीतर अर्जांच्या ढिगात राहिलं असतं."

त्याने तिचे आभार मानले. तिची काही चूक नव्हती. तिला जे विचारलं ते तिने दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात त्याच्याशी खरं बोललेली ती एकटीच होती, आणि ती त्याला कधी भेटलीही नव्हती.

सुजयकडून दुखावला जाणं त्याला समजू शकत होतं. मालक मालक असतो. आज ना उद्या मालकासारखा वागतो. पण समर्थ 'हो काका' म्हणाला होता. 'त्रास करून घेऊ नका' म्हणाला होता. ते म्हणताना त्याने ठरवलं होतं, की नंतर ठरवलं? गुरुप्रसाद ह्याच एका गोष्टीत अडकून पडला. फोन ठेवल्या ठेवल्याच त्याने ईशाला परत फोन केला असेल का? की एक-दोन दिवस झोप न येता काढले असतील? दुसरं असेल तर जरा कमी वाईट, असं त्याला वाटायचं, आणि मग असं मोजमाप आपण कशाला करतोय याचा राग यायचा.

त्याने समर्थला फोन केला नाही. समर्थनेच केला, तिसऱ्या दिवशी. ईशाकडून त्याला कळलं असावं.

"काका, मी सांगणार होतो."

"कधी?"

"काका, ऐका ना. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसरा कोणीतरी आणला असता. तुमची जागा जाणारच होती. मग बाहेरचा येण्यापेक्षा…"

"पेक्षा काय?"

"घरातच राहिली ना."

गुरुप्रसादला त्यात चूक काढता येईना. हिशोबाने ते बरोबर होतं. "तू मला विचारायचं होतंस," तो म्हणाला. "मी कदाचित जा म्हटलं असतं."

"खरंच म्हटलं असतंत?"

गुरुप्रसादला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

सुजयने नंतर फोनवर जे सांगितलं ते त्याच सुरातलं होतं. सांगणारच होतो, योग्य वेळ बघत होतो, घरातलाच मुलगा निवडला तो तुमचा मान ठेवूनच, आणि मे संपेपर्यंत तुम्ही आहातच, त्याला सगळं नीट दाखवून द्या. "मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात," गुरुप्रसाद म्हणाला. सुजय म्हणाला, "दादा, धंद्यात काही गोष्टी वेळेआधी बोलता येत नाहीत." बागेतला तो खांद्यावरचा हात गुरुप्रसादला कपड्यांच्या आतून जाणवला.

दर्शना म्हणाली, आजच सोडा. तो म्हणाला, मे महिन्याचे लोक माझ्या नावावर येणार आहेत, त्यांचं काय? तो राहिला. एप्रिलच्या मध्यावर समर्थ बॅग घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. वाकून नमस्कार करायला गेला, तर गुरुप्रसाद मागे सरला आणि म्हणाला, "या. रिसेप्शनपासून सुरुवात करू."

पुढचे दिवस त्याने सगळं दाखवलं. पंपाचा कुठला स्विच कधी दाबायचा, कुठल्या खोलीचं छप्पर पावसाआधी बघून घ्यायचं, देवळाच्या यात्रेला किती तांदूळ जास्त घ्यायचा, कुठल्या मासेवालीकडून घ्यायचं आणि कुठली बर्फातलं ताजं म्हणून देते. काही लपवलं नाही. फक्त तो समर्थला 'तुम्ही' म्हणायचा.

"काका, असं म्हणू नका ना मला," समर्थ एकदा विहिरीपाशी म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"मॅनेजर आहात तुम्ही," गुरुप्रसाद म्हणाला. "स्टाफसमोर अरे-तुरे बरं दिसत नाही."

"इथे स्टाफ कुठे आहे?"

गुरुप्रसाद विहिरीवरचं जाळीचं झाकण ओढून घेत होता. त्याने ते नीट बसवलं आणि पुढे चालायला लागला. समर्थ थोडा वेळ मागेच उभा होता.

मे संपला. निरोपाला केक कापला, सुजयने व्हिडिओ कॉलवरून भाषण केलं, शाल दिली. रिसेप्शनची मुलगी रडली. गुरुप्रसादने ती शाल आचाऱ्याला देऊन टाकली. आचाऱ्याच्या आईला थंडीत लागेल म्हणाला.

आता तो मालगुंडला घरीच असतो. मागच्या पडवीला भिंती घालून दोन खोल्या काढल्यात, जुने ओळखीचे लोक येऊन राहतात, दर्शना स्वयंपाक बघते. वाईट चाललेलं नाही. रिसॉर्टचंही बरं चाललंय म्हणतात. डिसेंबरात तिथे एक लग्न झालं, समुद्रावर मांडव घातला होता, फोटो सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. फोटोत समर्थ कोपऱ्यात कानाला फोन लावून उभा आहे, आणि कंबर एका बाजूला झुकवून उभं राहायची पद्धत हुबेहूब काकाची आहे. दर्शनाने तो फोटो लगेच पुसून टाकला. गुरुप्रसादने आधीच बघितला होता.

वहिनी मात्र अगदी साध्या मनाने वागते. तिला यातलं अर्धंच माहीत आहे. समर्थने तिला सांगितलं होतं, काका निवृत्त होतायत नि त्यांनी मला तिथे लावलं. समर्थ रुजू झाला तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. ओटीवर त्याच जागी बसली, दर्शनाच्या हातात पुडा दिला आणि गुरुप्रसादकडे बघून म्हणाली, "भावोजी, तुमचे उपकार विसरणार नाही. तुम्ही त्या पुण्याच्या बाईला फोन करून विचारलंत, म्हणून तर झालं ना सगळं?"

दर्शना पुडा हातात धरून तशीच उभी राहिली. खरं सांगून टाकायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, हे गुरुप्रसादला दिसलं.

"हो वहिनी," तो म्हणाला. "मीच विचारलं." आणि दर्शनाच्या हातातून पुडा घेऊन त्याने उघडला, वहिनीच्या पुढे धरला, म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." वहिनीने घेतला. त्याने स्वतः घेतला नाही. साखर वाढलीय म्हणाला. तेही खोटं होतं, पण वहिनीला पटलं.

त्याच संध्याकाळी भिकाजीचा जहाजावरून फोन आला. आवाज तुटत होता. "काय रे, पोर खूश आहे ना? तू खूश आहेस ना?" असं तो दोन-तीनदा विचारत होता.

"ऐकू येत नाही," गुरुप्रसाद म्हणाला, आणि फोन दर्शनाकडे दिला.